अक्कलदाढ काढल्यावर: पेज, खिमट की चक्का?

गेल्या महिन्यात सांगलीत धाकट्या भावाची खालची अक्कलदाढ काढली. घरी आला तेव्हा आईने नाचणीची पेज करून ठेवलेली. दोन दिवस तो पेजेवरच होता. तिसऱ्या दिवशी जिना चढताना त्याला गरगरायला लागलं.

पेजेत वाईट काही नाही, पण तिचा हिशेब बघा. वाटीभर पातळ पेजेत नाचणीचं पीठ असतं दोन चमचे, बाकी सगळं पाणी. त्यातून जेमतेम 70 कॅलरी आणि दीड ग्रॅम प्रथिनं मिळतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ते 60 ग्रॅम प्रथिनं लागतात. तेच पीठ पेलाभर म्हशीच्या दुधात शिजवलं, तर सात-एक ग्रॅम प्रथिनांची भर पडते. साबुदाण्याची खीर मात्र दुधाच्याच जिवावर उभी असते, साबुदाण्यात प्रथिनं नावालाच.

पहिल्या दिवशी माझं मत चक्क्याला. गार असतो, चावावा लागत नाही. पाव किलो ताजं दही फडक्यात तीन-चार तास टांगा, थोडी पिठीसाखर घालून घोटा. सात-आठ ग्रॅम प्रथिनं घशाखाली सहज उतरतात. चमच्यानेच खायचं. मिल्कशेक केला तरी स्ट्रॉ नको, कारण ओढून प्यायलं की खड्ड्यात धरलेली रक्ताची गाठ निघू शकते. जोरात थुंकायचं नाही, तेही त्याचसाठी.

दुसऱ्या दिवसापासून खरा आधार खिमटाचा. अर्धी मूठ तांदूळ आणि तेवढीच मुगाची डाळ, पाचपट पाणी, कुकरच्या पाच शिट्ट्या, मग रवीने घोटून वर चमचाभर तूप. ताटलीभर खिमटात साधारण दहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि तुपामुळे कॅलरी साडेतीनशेच्या पुढे जातात. आईने सवयीने मोहरीची फोडणी दिली, तर एक दाणा नेमका त्या खड्ड्याकडे गेला. म्हणून फोडणी नको, मिरची नको. बाळाला भरवताना मनगटावर थेंब टाकून बघतात तसं कोमट झालंय का ते बघून द्या.

अंडं खात असाल तर सगळं सोपं. तिसऱ्या दिवशी कांदा न घालता दोन अंड्यांची मऊसर भुर्जी, की बारा ग्रॅम झाले. शाकाहारी घरात त्या जागी पनीर कुस्करून खिमटात मिसळा.

साताऱ्याहून मावशी कंदी पेढे घेऊन आली. ते कोमट दुधात विरघळवून दिले, तेवढीच ताकद. सांगलीचं भडंग मात्र डब्यातच राहिलं. कुरमुऱ्याचा चुरा आणि शेंगदाण्याचा तुकडा जखमेत अडकला की निघता निघत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, कानापर्यंत ठणकायला लागलं आणि तोंडाला घाण वास आला, तर जेवण बदलत बसू नका. गाठ निघून हाड उघडं पडलेलं असू शकतं. दाताच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा.