औषधांचा तक्ता: वेळेनुसार की औषधानुसार?

यवतमाळकडच्या तालुक्याच्या गावातल्या छोट्या नर्सिंग होममध्ये वेळेनुसार तक्ता सोपा वाटतो: सकाळी 8 च्या रकान्यात सगळ्या पेशंटची औषधं, ट्रे एकदाच भरायचा. पण ऑर्डर बदलली की तो दगा देतो.

समजा ऑर्डर आहे: सेफ्ट्रियाक्सोन 1 ग्रॅम शिरेतून दिवसातून दोनदा, पॅरासिटामॉल 650 मिग्रॅ ताप आला तरच, दोन डोसांत किमान 6 तास. इंजेक्शन सकाळी 8 आणि रात्री 8, असं दोन जागी चढतं. डॉक्टरांनी ते बंद केलं आणि सिस्टरने एकच जागा खोडली, तर रात्रपाळीची सिस्टर दुसरी बघून देऊन मोकळी होते. पॅरासिटामॉलला तर ठरलेली वेळच नाही. ते कुठेतरी कोपऱ्यात जातं.

औषधानुसार तक्त्यात प्रत्येक पेशंटचा वेगळा कागद आणि एका औषधाला एकच ओळ: नाव, मात्रा, मार्ग, वेळा, पुढे तारखांचे रकाने. बंद झालं की तीच ओळ खोडून तारीख, वेळ, सही. ‘लागल्यास’ची औषधं खाली वेगळी, दिल्याच्या नेमक्या वेळेसह; दुपारी 2 ला दिलं असेल तर रात्री 8 च्या आधी नाही.

मी हाच निवडेन. ट्रेसाठी वेळेची यादी रोज यावरून उतरवा, पण दिल्याची सही याच कागदावर.