एका शतांशाचं भांडण: रकमा पूर्णांकात ठेवून आठ महिने

२१.११ की २१.१०? एवढ्याशा प्रश्नावर एका ग्राहकाच्या अकाउंटंट बाईंनी माझं बिल अकरा दिवस अडवून धरलं. स्क्रीनवर एकूण २१.११ दिसत होतं आणि ईमेलने गेलेल्या पीडीएफवर २१.१०. मी फोन करून म्हणालो, "बाई, एका शतांशाचा तर फरक आहे." त्यांचं उत्तर होतं, "शतांशाचा असो की लाखाचा, दोन कागदांवर दोन आकडे असतील तर मी कुठला नोंदवू?" यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

बिलिंगचा तो घटक मी वार्षिक वर्गणी भरून वापरत होतो. आत सगळ्या रकमा फ्लोटमध्ये, म्हणजे संगणक द्विमान पद्धतीत जवळपास साठवतो त्या अपूर्णांकांत. ०.१ आणि ०.२ मिळवून ०.३०००००००००००००००४ येतं हा किस्सा सगळ्यांना माहीत असतो, मलाही होता. पण छापताना दोन दशांश स्थळांवर गोल केलं की ही शेपटी गळून पडते आणि प्रश्न मिटतो, अशी माझी भाबडी समजूत होती. ती कुठे चुकली ते या एका बिलावर दिसतं. मूळ रक्कम २०.१०, कर ५ टक्के. कागदावर कर येतो १.००५, आणि अर्धा वर न्यायचा म्हणजे १.०१. स्क्रीनचा कोड दराने गुणत होता, पीडीएफचा कोड आधी ५ ने गुणून मग १०० ने भागत होता:

```js
(20.1 * 0.05).toFixed(2)     // "1.01"
(20.1 * 5 / 100).toFixed(2)  // "1.00"
```

१.००५ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी मावतच नाही. तिच्या शेजारी दोन संख्या मावतात: एक किंचित खाली, १.००४९९९९९९९९९९९९८९ च्या आसपास, आणि एक किंचित वर, साधारण १.००५००००००००००००१. (ही शून्यं मोजताना मी स्वतःच दोनदा चुकलो.) पहिल्या वाटेने २०.१ आणि ०.०५ हे दोन्ही आकडे साठवताना कणभर मोठे झालेले असतात, त्यामुळे गुणाकार वरच्या शेजाऱ्याकडे ढकलला जातो. दुसऱ्या वाटेने मधलं उत्तर नेमकं १००.५ येतं, आणि त्याला १०० ने भागल्यावर १.००५ च्या सगळ्यात जवळची संख्या मिळते. ती खालची आहे, म्हणून १.००. म्हणजे जी वाट अधिक अचूक होती, तिनेच कर कमी लावला, आणि जिच्यात चूक वाढली तिने बरोबर लावला. हे समजलं तेव्हा राग बाजूला राहिला आणि मी चक्क हसलो.

आधी हे कधी सापडलं का नाही, याचंही कारण आहे. ५ टक्क्यांत कर बरोबर अर्ध्या शतांशावर येतो तो रकमेचा शेवट .१०, .३०, .५०, .७० किंवा .९० असेल तरच. शंभरातले पाच शेवट. इतर रकमा अर्ध्यापासून इतक्या दूर असतात की फ्लोटची चूक त्यांना तिथवर नेऊच शकत नाही. आणि आपण चाचणी करताना काय टाइप करतो? १००, २५०, १०००. सगळ्या साळसूद रकमा.

सपोर्टला लिहिलं. पहिलं उत्तर आलं, "हा फरक नगण्य आहे." दुसऱ्या पत्रानंतर सल्ला मिळाला की गोल करण्याआधी रकमेत `Number.EPSILON` हा जावास्क्रिप्टमधला अगदी बारीक कण मिळवा. मीही मुकाट मिळवला. १.००५ ला तो लागू पडतो. पण रक्कम ४ च्या पुढे गेली की फ्लोटमधल्या दोन शेजारी संख्यांमधलं अंतरच त्या कणाच्या निदान चौपट असतं. मिळवलेला कण बेरजेतच गोल होऊन गायब होतो, रक्कम जशीच्या तशी राहते. फार तर चारच्या आतल्या बिलांपुरता इलाज, आणि त्यासाठी मी वर्षाचे पैसे मोजत होतो! वर्गणी बंद केली आणि एक सुट्टीचा दिवस काढून रकमा पूर्णांकात न्यायला घेतल्या: चलनाचं सर्वांत लहान एकक धरायचं आणि तेच मोजायचं. २०.१० नाही, २०१०. दरही फ्लोट नको, म्हणून ५ टक्के म्हणजे ५००, टक्क्याच्या शंभराव्या भागात.

रूपांतराच्या पहिल्याच दिवशी ठेच लागली. जुन्या कॉलममधले आकडे १०० ने गुणून पूर्णांक करायचे, यात काय कठीण असणार?

```python
int(19.99 * 100)    # 1998
round(19.99 * 100)  # 1999
```

गुणाकार १९९८.९९९९९९९९९९९९८ येतो आणि `int` अपूर्णांक सरळ छाटून टाकतो. ज्या रोगापासून पळत होतो तोच रोग मी सामानात बांधून नव्या घरी आणला होता. वाचलो ते एका सवयीमुळे: रूपांतरापूर्वीची आणि नंतरची बेरीज शेजारी शेजारी छापली. नवी कमी भरली. मग आकडे मजकूर म्हणून वाचले आणि दशांशचिन्हावर तोडून दोन पूर्णांक जोडले. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी या टप्प्यावर घाई करू नये, कारण इथे छाटलेला शतांश नंतर कुठूनही परत मिळत नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी या पद्धतीचे गोडवे गात होतो. तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी पाच तारे दिले असते. तिसऱ्या महिन्यात त्याच बाईंचा फोन आला. या वेळी बिलावर २०.१० च्या तीन ओळी होत्या. प्रत्येक ओळीवर कर १.०१, तिन्हींचा ३.०३. बाईंनी एकूण ६०.३० वर कर काढला तर ३.०१५, गोल करून ३.०२. पुन्हा एक शतांश! संतापून मी कोडमध्ये फ्लोट शोधत बसलो. एकही नव्हता. पूर्णांकांत सगळं काटेकोर चालू होतं: तीनदा १०१ म्हणजे ३०३, आणि ६०३० वर ३०२. दोन्ही उत्तरं बरोबर, पण दोन वेगळ्या प्रश्नांची.

इथे माझं मत बदललं. पूर्णांकामुळे गोल करणं टळत नाही. ते कुठे होतं तेवढं उघडं पडतं. फ्लोटमध्ये प्रत्येक क्रियेत यंत्र आपल्याला न विचारता गोल करतं. पूर्णांकात ज्या ओळीवर भागाकार लिहिला, त्याच ओळीवर गोल होतं, आणि ते किती वेळा करायचं हे आपण ठरवायचं. ओळीवर की बेरजेवर, याचं उत्तर कोडमध्ये नसतं. ते करार किंवा लागू असलेला करनियम देतो. बाईंशी बोलून आम्ही ओळीवर ठरवलं आणि बिलाच्या तळाला तसं छापायला लागलो. वाद संपला. पहिल्या वेळी असं संपवता आलं नसतं, कारण 'आमचा कोड आधी गुणतो की आधी भागतो' हे कुठल्या बिलाखाली छापणार?

पाचव्या महिन्यातली चूक मात्र सर्वस्वी माझी. एक बिल रद्द झालं, म्हणून त्याच रकमेची क्रेडिट नोट काढली. बिल २१११, क्रेडिट नोट उणे २११०. ग्राहकाच्या खात्यावर १ शिल्लक, आणि दर आठवड्याला त्याला त्या एका शतांशाची आठवण करून देणारं स्वयंचलित पत्र. गोल करताना मी अर्धा मिळवून भागत होतो. धन बाजूला ते १०१ देतं. ऋण बाजूला उणे १००, कारण −१००.५ पासून 'वर' म्हणजे शून्याकडे. जावास्क्रिप्टचं `Math.round(-100.5)` सुद्धा −१०० च देतं. आता चिन्ह बाजूला काढून गोल करतो:

```python
def kar(rakkam, dar):   # 5% = 500
    n = rakkam * dar
    k = (abs(n) + 5000) // 10000
    return k if n >= 0 else -k
```

२०१० ला १०१, −२०१० ला −१०१. बिल आणि क्रेडिट नोट एकमेकांना पुरती खातात.

डेटाबेसमधला दशांश प्रकार का नाही वापरला, असं विचारणारे भेटतात. तो वाईट नाही, बेरजा त्यातही चोख येतात. पण माझे आकडे जेसनमधून ब्राउझरमध्ये जातात, तिथे अपूर्णांक दिसला की तो पुन्हा फ्लोट होतो. २०१० कुठूनही गेला तरी २०१० च राहतो. २ च्या ५३ व्या घातापर्यंत, आणि तेवढी बिलं माझ्या हातून व्हायची नाहीत. कॉलम मात्र ६४ बिटांचा ठेवा. ३२ बिटांत शतांश मोजले तर मजल २,१४,७४,८३६.४७ पर्यंतच जाते, आणि वर्षाची बेरीज ती कधी ओलांडेल सांगता येत नाही.

एक खरी मर्यादा आहे: एककापेक्षा बारीक दर. एका संदेशाला ०.००४५ असा दर शतांशात बसतच नाही. तो मी वेगळ्या कॉलममध्ये दशलक्षांशात ठेवतो, ४५००. नगांनी गुणतो आणि अगदी शेवटी एकदाच शतांशावर आणतो. १२,३४५ संदेशांचे ५,५५,५२,५०० दशलक्षांश, म्हणजे ५५५५ शतांश. दर आधी गोल केला असता तर तो शून्य झाला असता, आणि संदेश फुकट.

सध्या रोज रात्री एक क्वेरी चालते, ओळींची बेरीज आणि बिलावरची एकूण रक्कम ताडून फरक असलेली बिलं काढते. तीन महिने यादी रिकामी आहे. गेल्या आठवड्यात येनमधलं पहिलं बिल काढलं, तेव्हा पीडीएफच्या कोडमध्ये रक्कम छापताना १०० ने भागणारी एक ओळ सापडली. येनला शतांश चालत नाहीत, तिथे एकक म्हणजे येनच. कुवेती दिनारला तीन स्थळं लागतात. २१११ येनचं बिल २१.११ असं छापून निघालं होतं. पाठवायच्या आधी दिसलं हे नशीब, नाहीतर बाईंच्या जागी आणखी कोणीतरी फोनवर असतं. चलनाची दशांश स्थळं आता रकमेच्या शेजारच्या कॉलममध्ये ठेवली आहेत, आणि `100` हा आकडा कोडमध्ये आणखी कुठे दडला आहे ते शोधणं चालू आहे.