आठव्या महिन्यातला डबा: चौथी पोळी की वाटीभर उसळ?

गरोदर बाईच्या ताटात काही वाढायचं ठरलं की आपल्याकडे हात आधी पोळीच्या डब्याकडे जातो. "दोन जिवांची आहेस, अजून एक घे." हेतू चांगला आहे, पण हिशेब चुकतो, कारण गरोदरपणात ऊर्जेची आणि प्रथिनांची गरज सारखी वाढत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२०चे आकडे पाहा. ५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे १६६० कॅलरी लागतात. गरोदरपणात त्यात ३५० वाढतात, म्हणजे साधारण पाचवा हिस्सा. प्रथिनांची एरवीची शिफारस रोज ४६ ग्रॅमच्या आसपास आहे. मधल्या तीन महिन्यांत ती साडेनऊ ग्रॅमने वाढते आणि शेवटच्या तीन महिन्यांत थेट २२ ग्रॅमने. म्हणजे शेवटच्या टप्प्यात दिवसाला २०१० कॅलरी आणि ६८ ग्रॅम प्रथिनं. ऊर्जा पाचव्या हिश्शाने वाढली, प्रथिनं जवळजवळ निम्म्याने.

आता बोरिवलीहून फोर्टला कामाला जाणारी, आठव्या महिन्यातली एक बाई डोळ्यासमोर आणा. सकाळी लोकल गाठायच्या घाईत नाश्ता धड होत नाही आणि रात्री छातीत जळजळ होते म्हणून जेवण कमी जातं. तेव्हा दुपारच्या डब्याने दिवसाचा तिसरा हिस्सा तरी उचलायला हवा. तो होतो अंदाजे ६७० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं. या मापाला नेहमीचे डबे लावून पाहू. पोळी ३० ग्रॅम कणकेची, तेल लावलेली धरली आहे. आकडे अंदाजे आहेत.

| डबा | कॅलरी | प्रथिनं (ग्रॅम) |
|---|---|---|
| ३ पोळ्या, बटाट्याची भाजी | ५१० | ११ |
| ४ पोळ्या, बटाट्याची भाजी | ६२५ | १४ |
| ३ पोळ्या, बटाट्याची भाजी, २ उकडलेली अंडी | ६६० | २४ |
| २ पोळ्या, मटकीची उसळ, दही, शेंगदाण्याची चटणी | ६२० | २३ |
| भात, बांगड्याचं कालवण | ४९० | २६ |

पहिल्या दोन ओळी शेजारी ठेवल्या की चौथ्या पोळीचा निकाल लागतो. ऊर्जा जवळपास भरली, पण प्रथिनं अजून नऊ ग्रॅम कमीच. आणि जी आहेत ती बहुतेक गव्हाची. गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळी-कडधान्यांत आणि दुधात भरपूर असतं. म्हणून पोळीबरोबर उसळ किंवा दही आलं की पोळीतली प्रथिनंही जास्त कामी येतात. बटाटा ही उणीव भरून काढत नाही. भेंडी, दुधी, फ्लॉवर यांचंही प्रथिनांच्या बाबतीत फार वेगळं नाही.

"पण आमच्याकडे रोज वरण असतं की!" असतं, पण ते वाटीने मोजू नका, कुकरमध्ये गेलेल्या कोरड्या डाळीने मोजा. चार माणसांसाठी ८० ग्रॅम तूरडाळ लावली तर प्रत्येकाच्या वाट्याला २० ग्रॅम डाळ येते आणि तिच्यात प्रथिनं जेमतेम ४ ग्रॅम. पाणी घालून तेच वरण सहा वाट्या केलं तर वाटी तेवढीच भरते आणि आतली डाळ आणखी कमी होते. वाटी थोडा वेळ ठेवून पाहा: वर पिवळं पाणी सुटून डाळ तळाशी बसत असेल तर ते वरण भात कालवण्यापुरतंच आहे. तिच्या एकटीच्या वाट्याला ४० ग्रॅम डाळ येईल असं घट्ट वरण केलं तर साडेआठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. कॅन्टीनच्या थाळीत अडचण नेमकी हीच असते. तेला-तुपामुळे कॅलरी सहज भरतात, पण डाळ किती घातली आहे ते आपल्या हातात नसतं.

उसळीच्या डब्यात मी ४० ग्रॅम कोरडी मटकी धरली आहे, म्हणजे सपाट तीन टेबलस्पून. तिची ८ ग्रॅम, दीडशे ग्रॅम दह्याची ५, टेबलस्पूनभर दाण्याच्या चटणीची साडेतीन आणि उरलेली दोन पोळ्यांची. मटकीला मोड आणा, पण गरोदरपणात कच्चे मोड नकोत, पूर्ण शिजवूनच खा. पन्नासेक कॅलरी कमी पडतात, तिथे एक छोटं केळं पुरतं. शाकाहारी घरात मी हाच डबा निवडेन. मूग, चवळी, हरभरा, वाटाणा असं आलटून पालटून केलं की कंटाळाही येत नाही. उसळीने पोट फुगत असेल तर मूग आणि मटकी त्यातल्या त्यात हलके पडतात.

अंडी चालत असतील तर त्याहून सोपं काही नाही. नेहमीचा डबा आहे तसा ठेवायचा आणि दोन अंडी घालायची. बलक पूर्ण घट्ट होईपर्यंत उकडा.

बांगडा प्रथिनांत सगळ्यांच्या पुढे आहे. एका मध्यम बांगड्याचं काटे काढून शंभर ग्रॅम मांस धरलं तर वीसेक ग्रॅम प्रथिनं त्यातूनच येतात. कॅलरी कमी आहेत, त्या भाताची मूद वाढवून भरता येतात. तरी ऑफिसच्या डब्यासाठी मी तो सुचवणार नाही. बांगडा उष्णतेत राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन पुन्हा गरम करून जात नाही. जिभेला मिरमिरणं, तोंड लाल होणं, डोकं ठणकणं ही त्याची लक्षणं. बाजारातून घरी येईपर्यंत मासा किती वेळ बर्फाबाहेर होता हे कळत नाही, त्यात दुपारपर्यंतचा डबा कशाला? रविवारी ताजा आणून घरीच खावा. मोरीसारखे मोठे शिकारी मासे मात्र या महिन्यांत टाळलेले बरे, त्यांच्यात पारा जास्त साठतो.

उपवासाचा दिवस वेगळा काढायला हवा. साबुदाण्याच्या खिचडीची बशी ५२५ कॅलरीपर्यंत सहज जाते, पण प्रथिनं ६ ग्रॅम, आणि तीही जवळजवळ सगळी दाण्याच्या कुटाची. उपवास करायचाच असेल तर बरोबर दही आणि दूध ठेवा, कूट सढळ हाताने घाला.

यात एक फसगत होते. दवाखान्याच्या कार्डावर दर भेटीला वजन वाढलेलं दिसतं आणि घरचे निश्चिंत होतात. ऊर्जा कमी पडली तर वजन अडतं, ते दिसतं. पण चौथ्या पोळीवरही वजन वाढतंच, त्यामुळे प्रथिनांची तूट काट्यावर कळत नाही. ती डब्यातच मोजावी लागते.

हे आकडे ५५ किलोच्या आणि बैठ्या कामाच्या बाईचे आहेत. दिवसभर उभं राहून काम असेल तर कॅलरी जास्त लागतील. गरोदरपणातला मधुमेह निघाला असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा तक्ता बाजूला ठेवा आणि डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सांगतील तसं करा.

आठव्या-नवव्या महिन्यात पोटावर दाब येतो आणि इतकं एका बैठकीत जात नाही, ही तक्रार खरी आहे. अशा वेळी एक वाजता पोळ्या आणि उसळ खावी, दही आणि केळं चार वाजता. डबा अर्धवट परत आणायची वेळ आलीच तर पोळी उरवा, उसळ नको.