केव्हीएम स्विच घेताय? ‘ईडीआयडी’चं स्टिकर आणि दुकानातला डेमो यांवर विसंबू नका

इंदूरमध्ये घरून काम करणाऱ्या बऱ्याच जणांच्या टेबलावर हल्ली दोन कॉम्प्युटर असतात, एक ऑफिसचा लॅपटॉप आणि एक स्वतःचा डेस्कटॉप. मॉनिटर आणि कीबोर्ड मात्र एकच, म्हणून केव्हीएम स्विच घ्यावा लागतो. तो घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. मला ज्या प्रकारे फसवलं गेलं, तो प्रकार दुकानातल्या डेमोत दिसतच नाही.

माझा मॉनिटर २७ इंची, २५६० × १४४० चा आहे. लॅपटॉपवर विंडोज आहे आणि त्यात काहीही टाकायची ऑफिसची परवानगी नाही. डेस्कटॉपवर लिनक्स आहे. बटण दाबून दुसरीकडे जावं आणि परत आल्यावर सगळ्या विंडो होत्या तिथेच असाव्यात, एवढीच माझी अट होती. साध्या स्विचमध्ये हे होत नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून आरएनटी मार्गाजवळच्या एका दुकानात मी थेट विचारलं, “इसमें ईडीआयडी इम्युलेशन है?” दुकानदारानं खोका फिरवून त्यावरचं स्टिकर दाखवलं. “फुल ईडीआयडी है, मॅडम. रिझोल्यूशन हिलेगा भी नहीं.” साडेसहा हजार रुपये दिले.

हे ईडीआयडी म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण सगळी लबाडी त्यातच आहे. प्रत्येक मॉनिटरच्या आत स्वतःची माहिती साठवलेली असते: नाव, कोणकोणती रिझोल्यूशन चालतात, वगैरे. मूळ माहिती १२८ बाइटची आणि एचडीएमआय असेल तर सहसा आणखी १२८ बाइटची पुरवणी. केबल जोडली की मॉनिटर एचडीएमआयच्या १९ नंबरच्या पिनवरून ‘मी आहे’ असा इशारा देतो आणि कॉम्प्युटर १५ व १६ नंबरच्या पिनांवरून ही माहिती वाचतो. साधा स्विच बटण दाबताच या सगळ्या तारा दुसऱ्या कॉम्प्युटरकडे वळवतो. मागे राहिलेल्या कॉम्प्युटरला वाटतं, मॉनिटरची केबल कुणीतरी काढली. मग तो विंडो दुसऱ्या पडद्यावर हलवतो किंवा रिझोल्यूशन बदलतो. खरं इम्युलेशन असलेला स्विच मॉनिटरची माहिती स्वतःकडे उतरवून घेतो, १९ नंबरचा इशारा दोन्ही कॉम्प्युटरांना कायम चालू ठेवतो आणि विचारणा झाली की मॉनिटरच्या वतीनं स्वतः उत्तर देतो. त्यासाठी आत वेगळं सर्किट लागतं, म्हणून तो महाग असतो.

आता डेमोबद्दल. काउंटरवर दोन डेस्कटॉप, एक मॉनिटर. दुकानदारानं चार-पाच वेळा बटण दाबलं, दर वेळी चित्र व्यवस्थित आलं. पण तेव्हा आपल्याला फक्त समोरचा कॉम्प्युटर दिसत असतो. मागच्याचं काय झालं ते कळायला मार्गच नसतो. त्याच्याकडे परत आलं की तो माहिती नव्यानं वाचतो आणि रिझोल्यूशन पुन्हा बरोबर लावतो. एकच विंडो पूर्ण पडदाभर उघडून ठेवली असेल (तशीच ठेवली होती) तर काही विस्कटलेलंही दिसत नाही.

घरी लगेच लक्षात आलं. डेस्कटॉपकडे गेले की लॅपटॉपच्या विंडो त्याच्या छोट्या पडद्यावर उड्या मारायच्या आणि परतल्यावर भलत्याच आकारात असायच्या. लॅपटॉप समोर असताना डेस्कटॉप रीस्टार्ट झाला, तर त्याच्याकडे गेल्यावर १०२४ × ७६८ चं ताणलेलं चित्र मिळायचं.

तक्रार घेऊन गेले तर उत्तर मिळालं, “आपकी केबल हल्की है,” आणि बाराशेची एक एचडीएमआय केबल माझ्या गळ्यात मारली. या दुसऱ्या फसवणुकीचा मला जास्त राग आहे, कारण केबलनं हा दोष जाणं शक्यच नाही. स्विचनं तारच तोडली असेल तर केबल कितीही भारी असो, तिच्यातून जायला माहितीच नाही. केबल खराब असेल तर चित्रात ठिपके चमकतात किंवा पडदा मधूनच, बटणाला हात न लावताही काळा होतो. दर वेळी नेमकं बटण दाबल्यावरच बिघडत असेल तर संशय स्विचवरच घ्यावा.

खात्रीसाठी मी लॅपटॉपवरून एसएसएचनं डेस्कटॉपवर शिरले आणि हे चालवलं:

```
cat /sys/class/drm/card*-HDMI-A-1/status
wc -c /sys/class/drm/card*-HDMI-A-1/edid
```

डेस्कटॉप समोर असताना `connected` आणि २५६ बाइट. बटण लॅपटॉपकडे वळवलं की `disconnected` आणि शून्य. इम्युलेशन असतं तर दोन्ही वेळा उत्तर सारखंच आलं असतं. खोक्यावरचं स्टिकर नखानं उचलून पाहिलं, खाली नुसता कोरा पुठ्ठा. आतल्या माहितीपत्रकात ईडीआयडीचा साधा उल्लेखही नव्हता. याच मॉडेलचा स्विच दुसरीकडे दोन हजारांच्या आत मिळतो, हेही नंतर कळलं.

दुकानातच करता येईल अशी चाचणी सांगते. स्वतःचा लॅपटॉप घेऊन जा. तो स्विचमधून मॉनिटरला जोडा, ‘एक्स्टेंड’ मोड लावा आणि डिस्प्ले सेटिंग लॅपटॉपच्याच पडद्यावर उघडी ठेवा. तिथे १ आणि २ असे दोन चौकोन दिसतील. आता बटण दुसऱ्या कॉम्प्युटरकडे वळवा आणि लॅपटॉपकडे बघत राहा. २ चा चौकोन गायब झाला तर इम्युलेशन नाही, विषय संपला. टिकला तर बटण तसंच ठेवून लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि पुन्हा बघा. शेवटी `Advanced display` मध्ये मॉनिटरचं नाव वाचा. काही स्विच मॉनिटरची माहिती उतरवून न घेता कारखान्यात भरलेली ठरावीक माहिती देतात. तिथे भलतंच नाव दिसतं आणि अनेकदा १९२० × १०८० च्या वर जाता येत नाही.

हीच चाचणी मी त्याच काउंटरवर करून दाखवली. चौकोन गेलेला त्यानं पाहिला आणि म्हणाला, “बिल में कहाँ लिखा है?” बिलावर खरोखरच नुसतं ‘केव्हीएम स्विच, १ नग’ होतं. पण स्टिकर लावलेला खोका माझ्याकडे होता. त्याचे आणि चाचणीचे फोटो जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल तर सदोष वस्तू तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानलं आहे, तेही तक्रारीत लिहिलं. स्विचचे पैसे परत मिळाले. केबलचे अजून दिलेले नाहीत आणि मी ते सोडलेले नाहीत. तुम्ही मात्र बिलावर ‘ईडीआयडी इम्युलेशनसह’ हे शब्द आधीच लिहून घ्या.

असा स्विच आधीच गळ्यात पडला असेल आणि परत जाण्यासारखा नसेल, तर ईडीआयडी इम्युलेटर नावाचा छोटा पास-थ्रू जोड मिळतो. तो कॉम्प्युटर आणि स्विच यांच्या मधे, प्रत्येक कॉम्प्युटरला एक याप्रमाणे लावायचा. मॉनिटरची माहिती कॉपी करणाराच घ्या. एचडीएमआयचा जोड डिस्प्लेपोर्टला चालत नाही, त्यासाठी वेगळा लागतो, आणि मॉनिटर बदलला की माहिती पुन्हा कॉपी करावी लागते.