एका लेखाच्या पाच स्क्रिप्ट्स: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मोठा लेख घ्यायचा, त्याचे चार-सहा तुकडे करायचे आणि प्रत्येकाचा उभा व्हिडिओ काढायचा, ही पद्धत मी सात महिने वापरतो आहे. या काळात अकरा लेख असे कापले. पहिले तीन मी चुकीच्या ठिकाणी कापले, आणि ती चूक कळायला दोन महिने लागले. म्हणून आधी तिच्याबद्दलच लिहितो.

पहिला लेख फोनच्या बॅटरीवर होता, साधारण १,९०० शब्दांचा. त्यात सहा उपशीर्षकं होती: बॅटरी आतून कशी चालते, चार्जिंगचे टप्पे, उष्णतेचा परिणाम, चुकीच्या सवयी, साठवण आणि बॅटरी बदलायची वेळ. सहा उपशीर्षकं म्हणजे सहा व्हिडिओ, असा सरळ हिशोब मी केला. लिहायला सोपं गेलं, पण पाहणाऱ्यांनी पहिल्या चार-पाच सेकंदांतच पाठ फिरवली.

सगळ्या स्क्रिप्ट्स शेजारी-शेजारी ठेवून वाचल्यावर कारण दिसलं. लेखातली उपशीर्षकं वाचणाऱ्याला क्रमाने पुढे नेण्यासाठी असतात. दुसरा भाग पहिल्यावर उभा असतो, चौथा तिसऱ्यावर. उभा व्हिडिओ मात्र कुणाच्याही समोर कुठल्याही क्रमाने येतो. माझा तिसरा व्हिडिओ ‘त्यामुळे’ या शब्दाने सुरू होत होता. कशामुळे, ते पहिल्या व्हिडिओत होतं आणि पाहणाऱ्याने तो पाहिलेलाच नव्हता. शिवाय उष्णतेचा मुद्दा सहापैकी चार ठिकाणी आला होता, कारण बॅटरीच्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी उष्णता असतेच. सलग लेखात ही पुनरुक्ती खटकत नाही, पण सुटे व्हिडिओ पाहणाऱ्याला एकच गोष्ट चार वेळा ऐकल्यासारखं वाटतं.

आता मी लेख बाजूला ठेवतो आणि कोऱ्या कागदावर माणसं लिहितो. बॅटरीच्या लेखासाठी ही यादी निघाली. एक जण फोन शून्यावर आणल्याशिवाय चार्जिंगला लावत नाही. एकीला वाटतं की ८० टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं म्हणजे चार्जर बिघडला. एक जण गाडीत काचेमागे, उन्हात, नकाशा चालू ठेवून फोन चार्ज करतो. एकीला जुना फोन वर्षभर कपाटात ठेवायचा आहे. आणि एक जण नवा फोन घ्यावा की नुसती बॅटरी बदलावी, या विचारात आहे. प्रत्येकासाठी दोन ओळी लिहितो: हा माणूस आत्ता काय मानतो, आणि व्हिडिओ संपल्यावर काय करेल. दुसरी ओळ दोघांची सारखीच निघाली, तर ते दोन व्हिडिओ नाहीतच. मग त्यातला एक काढून टाकतो.

लेखातला मजकूर यानंतर उचलायचा, आणि तो कुठल्याही उपशीर्षकाखालून येऊ शकतो. चार्जर बिघडला असं वाटणाऱ्या बाईंची स्क्रिप्ट लेखातल्या पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या भागातून जमली. तिची सुरुवात अशी: “८० टक्क्यांपर्यंत भराभर चढलेला फोन पुढे रेंगाळतो, म्हणून चार्जर बदलायला निघाला असाल तर थांबा.” पुढे कारण येतं. लिथियम-आयन बॅटरीत सुरुवातीला जोरात वीज भरता येते. बॅटरी भरत आली की व्होल्टेज ठरावीक मर्यादेवर स्थिर ठेवलं जातं आणि प्रवाह कमी-कमी होत जातो. बादली काठापर्यंत आली की आपण नळ बारीक करतो, तसंच हे. शेवटी करायची कृती: घाईत असाल तर शंभरची वाट पाहू नका, ऐंशीला काढून निघा. हे सगळं ९५ शब्दांत बसलं. माझ्या बोलण्याच्या वेगाने ४५ सेकंद होतात. युट्यूबच्या शॉर्ट्सना ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांची मुभा आहे, तरीही एका कोनाला, म्हणजे एका माणसाच्या एका प्रश्नाला, मला मिनिटाहून जास्त क्वचितच लागतं. जास्त लागलं, तर बहुतेक वेळा त्यात दुसरा कोन शिरलेला असतो.

कोन खरंच वेगळे आहेत का, हे तपासायला एक चाचणी मला फार उपयोगी पडली. सगळ्या स्क्रिप्ट्सची पहिली वाक्यं एकमेकांत बदलून पाहायची. पहिल्या स्क्रिप्टचं वाक्य चौथीवरही चपखल बसलं, तर ते कुणाचंच नाही. माझ्या जुन्या सहांपैकी चार स्क्रिप्ट्स “तुमच्या फोनची बॅटरी लवकर उतरते का?” अशाच अर्थाने उघडत होत्या. विषय सांगून झाला होता, कोन अजून सापडलाच नव्हता.

मराठीत एक अडचण वेगळी आहे आणि ती मला उशिरा उमगली. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकार तर त्याच्याही शेवटी. शून्यावरच्या गैरसमजाची स्क्रिप्ट मी लेखातल्या वाक्यानेच उघडली होती: “फोन पूर्ण शून्यावर आणून मगच चार्ज करायला हवा, असं काही नाही.” वाचताना ठीक वाटतं. पण ऐकणारा ‘करायला हवा’पर्यंत येऊन पुढे सरकला, तर मी जे खोडायला बसलो तेच पक्कं करून गेला. पडद्यावर कॅप्शन दोन तुकड्यांत येत असेल, तर हा धोका दुप्पट. आता ती स्क्रिप्ट “फोन शून्यावर आणू नका” अशी उघडते. मग सांगतो की ही सवय निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली आहे आणि आजच्या लिथियम-आयन बॅटरीला तिची गरज नाही. तेव्हापासून प्रत्येक स्क्रिप्टचं पहिलं वाक्य अर्ध्यावर तोडून वाचतो. पहिला अर्धा भाग उलटा अर्थ देत असेल, तर वाक्य फिरवून लिहितो.

लेखातले ‘पण’ कापताना मात्र फार जपावं लागतं. कपाटातल्या फोनच्या स्क्रिप्टमध्ये मी “निम्मी बॅटरी ठेवून फोन बंद करा” एवढंच ठेवलं होतं. लेखात पुढे होतं की फोन बंद असला तरी चार्ज हळूहळू उतरतो, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा निम्म्यावर आणावा. जागा वाचवायला मी ते गाळलं. एकाने विचारलं, “मग वर्षभर हात लावायचा नाही ना?” प्रश्न रास्तच होता. मी तो व्हिडिओ काढून एका वाक्याच्या भरीसह पुन्हा चित्रित केला. ज्या अटीशिवाय सल्ला चुकीचा ठरतो, ती अट स्क्रिप्टमध्येच हवी. खालच्या वर्णनात टाकून भागत नाही, कारण ते फारसं कुणी उघडत नाही.

वेळेचं सांगायचं तर पहिल्या लेखाला दोन दिवस गेले होते. आता पाच स्क्रिप्ट्सना तीन तास लागतात. त्यातला जवळजवळ निम्मा वेळ माणसांच्या यादीवर जातो, आणि तो कमी करायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. चित्रीकरण एकाच बैठकीत उरकतो. स्क्रिप्ट्स मात्र वेगवेगळ्या दिवशी मोठ्याने वाचतो. एका दमात पाचही वाचल्या की पाचही बऱ्या वाटतात.

काही लेख असे कापले जातच नाहीत. पाचवी व्यक्ती, म्हणजे नवा फोन की नवी बॅटरी या विचारातली, मी अखेर सोडून दिली. तिचं उत्तर फोन किती जुना आहे, त्याला सुरक्षा अपडेट अजून मिळतात का आणि बॅटरी बदलण्याचा खर्च किती, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहूनच देता येतं. तीनदा लिहिलं. दर वेळी एक तरी बाजू गळून उत्तर एकांगी झालं. तो भाग लेखातच ठेवला आहे, आणि बाकी चार व्हिडिओंपैकी एकातही त्याचा उल्लेख नाही.