माल रखडल्यावर ग्राहकांना पाठवायचा मेल: आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

कोल्हापुरी चपलांचं आमचं घरगुती दुकान आहे आणि विक्री जवळजवळ सगळी ऑनलाइन. तळाचं चामडं एका पुरवठादाराकडून येतं, शिलाई सुभाषनगरातले दोन कारागीर करतात. गेल्या जुलैत चामडं अडकलं आणि 'तुमची ऑर्डर उशिरा येईल' असं ग्राहकांना मेलने कळवायची पहिली वेळ आली. मग ऑक्टोबरात, मग जानेवारीत. तीनदा वापरून, दर वेळी खाडाखोड करून जो मसुदा हातात उरलाय त्याबद्दल लिहितेय. माझ्यासारखं छोटं दुकान चालवणाऱ्या कुणाला तरी तो उपयोगी पडेल, म्हणून आमचं काय चुकलं तेही सांगते.

जुलैचा मेल फसला, आणि तो तारखेवर फसला. आमचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असतं. कमावून झालं की ते वाळावं लागतं, आणि कोल्हापुरात जुलैमध्ये ऊन मिळत नाही. ओलसर चामड्याचा तळ कापला तर चप्पल घरी पोहोचेपर्यंत त्याला बुरशी धरते, नाहीतर तळ वाळताना वाकडा होतो आणि शिलाई सुटते. पुरवठादार मामांना फोन केला, ते म्हणाले, "आठ दिवसांत देतो, ताई." मी तेच आठ दिवस मेलमध्ये लिहून ४६ जणांना पाठवले. आठ दिवसांनी पुन्हा आठ दिवस. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं, राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फुटांची, सगळं गाव दिवसातून चारदा आकडा बघत होतं, आणि मी तिसरा मेल लिहीत होते. पहिल्या मेलनंतर दोघांनी पैसे परत मागितले होते. तिसऱ्यानंतर हा आकडा १९ वर गेला. नाशिकच्या एका ताईंनी लिहिलं, "उशिराचं काही नाही हो, पण तुमच्या तारखेवर आता विश्वास कसा ठेवू?" ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

ऑक्टोबरात मी मामांना विचारायचा प्रश्नच बदलला. 'कधी देणार' असं विचारलं की माणूस भिडेपोटी जवळची तारीख सांगतो. म्हणून विचारलं, "मामा, माल आत्ता नेमका कुठं आहे?" उत्तर आलं, "पिशव्या उतरवल्यात, वाळाय टाकलंय. पण परतीचा पाऊस चाललाय, ऊन कुठाय?" पिशव्या म्हणजे कमावण्यासाठी सालीचं पाणी भरून टांगलेली कातडी; त्या उतरल्या म्हणजे कमावणं संपलं, आता फक्त वाळणं उरलं. या एका उत्तरावरून सगळा हिशेब मांडता आला.

तो दिवस होता ६ ऑक्टोबर, हातातल्या ऑर्डरी ३८. त्यातल्या ११ जोडांचे तळ आधीच कापून ठेवलेले होते, त्यांना या अडचणीची झळच नव्हती. उरलेले २७ जोड नव्या चामड्यावर अवलंबून. ऊन पडलं तर चामडं चार दिवसांत वाळतं, मी सात धरले. म्हणजे १३ तारीख. कापणीला दोन दिवस, १५. दोन्ही कारागीर मिळून दिवसाला पाच जोड शिवतात, तेव्हा १६ ते १९ या चार दिवसांत २० जोड. पुढे दिवाळीचे चार दिवस काम बंद. राहिलेले सात जोड भाऊबीजेनंतर, २७ तारखेला रवाना.

म्हणजे एकाच अडचणीच्या तीन वेगवेगळ्या तारखा झाल्या, म्हणून मेलही तीन केले. जुलैमध्ये सगळ्यांना एकच मेल गेला होता, त्यात ज्यांचा जोड तयार होता त्यांनाही विनाकारण घाबरवलं होतं. मधल्या २० जणांना गेलेला मेल असा होता:

> विषय: ऑर्डर क्र. ११८७, नवीन तारीख आणि पैसे परत घेण्याचा पर्याय
>
> नमस्कार,
> तुमचा कापशी जोड (माप ८) आम्ही १२ ऑक्टोबरपर्यंत तुमच्या घरी पोहोचवायचं कबूल केलं होतं. तो त्या तारखेला पोहोचणार नाही. तळाचं चामडं पावसामुळे अजून वाळलेलं नाही, आणि ओलं चामडं आम्ही कापत नाही.
>
> जोड आमच्याकडून २० ऑक्टोबरला निघेल आणि तुमच्या घरी २३ ते २७ ऑक्टोबरच्या दरम्यान पोहोचेल. म्हणजे दिवाळीच्या मुख्य दिवसांत तो तुमच्या पायात नसेल.
>
> थांबणं जमत नसेल तर या मेलला फक्त 'परत' एवढंच उत्तर द्या. कारण सांगायची गरज नाही. पूर्ण रक्कम, कुरिअर खर्चासकट, त्याच दिवशी परत पाठवू.
> तुमच्याकडून उत्तर आलं नाही तर तुम्ही थांबायला तयार आहात असं धरून जोड बनवू. यापुढे पुन्हा तारीख पुढे गेली, तर मात्र तुमच्या होकाराशिवाय पैसे ठेवून घेणार नाही.

यातली तीन-चार वाक्यं अनुभवातून आलीत. 'निघेल' आणि 'पोहोचेल' या दोन तारखा वेगळ्या लिहिल्या, कारण जुलैमध्ये मी नुसतं 'माल १५ तारखेला' असं लिहिलं होतं आणि लोक १५ ला दारात कुरिअरवाल्याची वाट बघत बसले होते. दिवाळीचं वाक्य लिहिताना हात थरथरला. नवरा म्हणाला, एवढं उघड कशाला लिहायचं? पण ज्याला पाडव्याला घालायची आहे त्याने दुसरीकडून घ्यावी, हे त्याला आज कळलं तरच तो घेऊ शकतो. २७ पैकी नऊ जणांनी पैसे परत घेतले. आकडा कमी नाही. पण त्या नऊ जणांशी एकही भांडण झालं नाही, आणि त्यातल्या तिघांनी डिसेंबरात पुन्हा ऑर्डर दिली.

शेवटची दोन वाक्यं, म्हणजे उत्तर न देणाऱ्याचं काय करायचं, हा या मेलचा सगळ्यात अवघड भाग आहे. जुलैमध्ये मी 'कृपया कळवावे' म्हणून सोडून दिलं. चौदा जणांचं काहीच उत्तर नाही. त्यांचे जोड बनवायचे की नाही, मलाच कळेना. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा यावर स्पष्ट नियम आहे: पहिला उशीर ३० दिवसांपर्यंतचा आणि ठरावीक तारखेचा असेल तर गप्प राहणं म्हणजे होकार, पण त्याहून लांबला, तारीखच सांगता येत नसली किंवा दुसऱ्यांदा पुढे गेला, तर ग्राहकाने स्पष्ट हो म्हटलं तरच थांबायचं, नाहीतर पैसे परत द्यायचे. तो नियम आपल्याला लागू नाही, पण मला पटला म्हणून तसाच उचलला. आपल्याकडे २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम आहेत. कबूल केलेल्या मुदतीनंतर माल पोहोचला तर तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, अटळ आपत्ती सोडून. तेव्हा पैसे परत देणं ही आपली मेहेरबानी असल्यासारखं लिहायचं बंद केलं. 'आपल्या सोयीसाठी रिफंडची सुविधा' वगैरे शब्द जुलैच्या मेलमध्ये होते, ते काढले.

पैशाच्या बाजूने दोन गोष्टी उशिरा कळल्या. 'त्याच दिवशी परत पाठवू' म्हटलं तरी त्याच दिवशी खात्यावर दिसत नाही. यूपीआयने दिलेले साधारण दोन-तीन दिवसांत परत आले, कार्डाचे पाच ते सात कामाचे दिवस घेतात, आणि तेवढ्या दिवसांत ग्राहकाला वाटतं की आपण थाप मारली. आता पैसे सोडले की लगेच दुसरा छोटा मेल जातो, त्यात रक्कम, तारीख आणि व्यवहाराचा क्रमांक असतो. यूपीआयचा तो आरआरएन, १२ अंकी, आणि कार्डाचा एआरएन. बँकेत हा नंबर दाखवला की पैसे कुठे अडकलेत ते शोधता येतं. ऑक्टोबरपासून 'पैसे कुठायत' म्हणून एकच फोन आला. दुसरी गोष्ट खर्चाची: आमची पेमेंट कंपनी मूळ व्यवहाराचं कमिशन परत देत नाही, ते आमच्या खिशातून जातं. आणि ज्यांनी माल हातात आल्यावर पैसे द्यायचे ठरवलं होतं त्यांना 'पैसे परत' हा शब्दच गोंधळात टाकतो, त्यांच्या मेलमध्ये 'ऑर्डर रद्द' लिहायचं.

पाठवण्याच्या पद्धतीत जुलैमध्ये एक मोठी चूक झाली. ४६ जणांचे पत्ते मी एकाच ओळीत टाकले, सगळ्यांना सगळ्यांचे पत्ते दिसले. एका गृहस्थांनी रागाने उत्तर लिहिलं तेही सगळ्यांना गेलं. तेव्हापासून शीटमध्ये नाव, ऑर्डर क्रमांक, जोड, माप, दोन्ही तारखा भरते आणि मेल मर्जने प्रत्येकाला स्वतंत्र मेल जातो. पाठवण्याआधी पहिले दोन मेल स्वतःच्याच पत्त्यावर मागवते. जानेवारीत तेवढ्यानेच वाचले, एका रांगेत माप आणि तारीख उलट पडली होती.

जानेवारीची अडचण छोटी होती. मामांचा एक गठ्ठा आम्ही स्वतःच परत पाठवला. वरून सुकं दिसत होतं, पण कडेला नखाने दाबलं की वण तसाच राहायचा. म्हणजे आतून ओल. चौदा जणांना मेल गेला, त्यात हे नखाचं कारण दोन ओळींत लिहिलं. एकाने पैसे परत घेतले. बाकीच्यांपैकी दोघांनी उलट विचारलं, "घरी आलेल्या जोडाला पण असंच बघायचं का?"

जमलं नाही ते हे. मेल वाचतच नाहीत असे लोक आहेत, विशेषतः आपल्या जिल्ह्यातले. त्यांना व्हॉट्सॲपवर दोन ओळी जातात: नवीन तारीख, आणि 'परत' म्हणायची सोय. तरीही पाच-सहा जणांना फोन करावाच लागतो. आणि लग्नाच्या ऑर्डरीवर हा मेल काहीच करू शकत नाही. हळदीच्या आदल्या दिवशी जोड न मिळाल्यावर पैसे परत आले काय नि न आले काय. म्हणून फेब्रुवारीपासून ऑर्डर घेतानाच एक रकाना ठेवलाय, 'कोणत्या तारखेला घालायची आहे?' मार्चमध्ये आलेल्या ५२ ऑर्डरींपैकी १७ जणांनी तो भरला, आणि चामडं येईल तसे आधी त्यांचे तळ कापले जातात.