जुन्या लॅपटॉपवर वेब गेम: हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू की बंद?

परळहून भाच्याचा फोन आला, "मामा, गेम खेळताना मधेच स्क्रीन काळी होते. ॲक्सिलरेशन बंद करू का?" लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. रविवारी जाऊन दोन्ही करून पाहिलं.

चालू असताना चित्र काढायचं काम ग्राफिक्स चिप करते. गाड्यांचा थ्रीडी गेम छान पळाला, पण दहाएक मिनिटांनी स्क्रीन क्षणभर काळी झालीच. बंद केल्यावर ते थांबलं. मात्र सगळा भार प्रोसेसरवर आला, पंखा घोंघावू लागला आणि गाडी उड्या मारत पुढे सरकू लागली. काही ब्राउझरांत तर असा गेम उघडतच नाही.

म्हणजे दोष ड्रायव्हरचा, ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा असणार. तो अपडेट केला, ॲक्सिलरेशन चालू केलं, क्रोम पुन्हा सुरू केला. `chrome://gpu` मध्ये `WebGL` या ब्राउझरात थ्रीडी चित्र काढायच्या तंत्रासमोर `Hardware accelerated` दिसलं, म्हणजे चिप कामाला लागली. गेमचं रिझोल्यूशन १९२०×१०८० वरून १२८०×७२० केलं. पिक्सेल निम्म्याहून कमी झाले.

थ्रीडी खेळायचं तर चालूच ठेवा. पत्ते, बुद्धिबळ, शब्दकोडी एवढंच असेल आणि नव्या ड्रायव्हरनंतरही स्क्रीन काळी होत असेल, तर बिनधास्त बंद करा.